विंगांना झाडं, गल्ल्यांना नद्या

प्रश्न: आमच्या सोसायटीत ए ते ई अशा पाच विंग आहेत आणि आत चार रस्ते. सगळ्यांना नीट नावं द्यावीत असा प्रस्ताव मला कमिटीला द्यायचाय. पण नावावरून भांडणं होतील अशी भीती वाटते. निवड कशी करावी म्हणजे कोणी कुरकुर करणार नाही?

उत्तर: कुरकुर होणारच. ती नावावर व्हावी, पद्धतीवर होऊ नये, एवढं मात्र साधता येतं. आमच्या साताऱ्याच्या सोसायटीत आम्ही हे दोनदा केलं. पहिल्यांदा फसलं, म्हणून ते आधी सांगतो.

84 फ्लॅट, तुमच्यासारख्याच पाच विंग, चार गल्ल्या. आलेल्या सूचनांमधून चार गट निघाले: किल्ले, नद्या, झाडं, फुलं. एका चिठ्ठीवर एकच खूण करायची, असं ठरलं. 76 चिठ्ठ्या आल्या. किल्ले 26, नद्या 18, झाडं 17, फुलं 15. किल्ले जिंकले आणि त्याच रात्री ग्रुपवर रण पेटलं. "76 पैकी 50 लोकांनी तर किल्ले निवडलेच नव्हते!" हा मुद्दा चुकीचा नव्हता. झाडं आणि फुलं आवडणारी माणसं साधारण एकाच प्रकारची होती. त्यांची मतं दोन रकान्यांत फुटली. एकत्र धरली असती तर 32 झाली असती. म्हणजे निकाल लोकांच्या आवडीपेक्षा चिठ्ठीवर पर्याय कसे मांडले यावर जास्त ठरला. ते सगळं रद्द झालं.

दुसऱ्यांदा पर्याय तेच ठेवले, फक्त सूचना बदलली: "तुम्हाला चालतील अशा सगळ्या गटांपुढे खूण करा." पुन्हा 76 चिठ्ठ्या आल्या. झाडं 53, नद्या 50, फुलं 41, किल्ले 33. किल्लेवाल्यांपैकी बऱ्याच जणांना नद्याही चालत होत्या, ते पहिल्या वेळी कळायला मार्गच नव्हता. नोटिशीत आधीच लिहिलं होतं की पहिला गट विंगांना आणि दुसरा गल्ल्यांना. त्यामुळे निकालानंतर वाद घालायला काही उरलं नाही. मतमोजणीही अवघड नाही, खुणा मोजायच्या एवढंच.

या चिठ्ठीवर दोन गोष्टी हव्यातच. एक, "काहीही नको, ए-बी-सी राहू द्या" हा पर्याय. दुसरी, किमान अट: निम्म्यापेक्षा जास्त चिठ्ठ्यांवर खूण नसेल तर तो गट घ्यायचा नाही. आमच्या अटीला 39 खुणा लागत होत्या. किल्ले तिथंच गळाले.

एकेका नावावर मात्र मतदान घेऊ नका. एकेक नाव मताला टाकलं की आजोबांचं नाव, दिवंगत सभासदांचं नाव, एखाद्या पुढाऱ्याचं नाव पुढे येतं. मग नाही म्हणणं म्हणजे माणसाचा अपमान होतो. प्रस्तावातच लिहा: हयात असो वा नसो, कुठल्याही व्यक्तीचं, जातीचं किंवा पक्षाशी जोडलेलं नाव नाही. गट ठरल्यावर त्यातली नावं तिघांच्या छोट्या समितीनं काढावीत आणि ती मोठ्यानं वाचून बघावीत. आमच्या यादीत पळस आणि फणस दोन्ही होते. सिलिंडरवाल्याला फोनवर तीनदा सांगून बघितलं, तिन्ही वेळा घोळ झाला. फणस काढला. रात्री अँब्युलन्सला पत्ता सांगायची वेळ आली तर हेच होईल, हा विचार सगळ्यांना पटला. पुढे आणखी काही गळाली आणि शेवटी बकुळ, कदंब, चाफा, ताम्हण आणि पिंपळ राहिले.

आता कोणत्या विंगला कोणतं झाड? खरं भांडण इथंच असतं. चाफा सगळ्यांना हवा होता. आम्ही प्रत्येक विंगेला आपापल्या जिन्यात बसून पाच नावं पसंतीच्या क्रमानं लिहून बंद पाकिटात द्यायला सांगितली. मग सभेत चिठ्ठ्या टाकून विंगांचा क्रम काढला, एका लहान मुलीच्या हातून. पहिल्या विंगला तिची पहिली पसंती. दुसरीला उरलेल्यांतली सगळ्यात वरची, आणि असं पुढे. या पद्धतीत चलाखी चालत नाही. आपली यादी खरी लिहिली तरच तुमचा फायदा, उलटीसुलटी लिहून काही पदरात पडत नाही. पाकिटं मात्र चिठ्ठ्यांच्या आधीच घ्या, नाहीतर "आम्हाला आधी माहीत असतं तर" सुरू होतं.

गल्ल्यांसाठी चिठ्ठीची गरज पडली नाही. फाटकापासून आत येणाऱ्या मुख्य रस्त्याला कृष्णा म्हटलं आणि गल्ल्यांना तिच्या उपनद्या, कृष्णेला मिळतात त्याच क्रमानं: वेण्णा माहुलीला, कोयना कराडला, वारणा सांगलीजवळ हरिपूरला, पंचगंगा नृसिंहवाडीला. फाटकापासून पहिली गल्ली वेण्णा, शेवटची पंचगंगा. नवख्या माणसाला कोणती आधी हे कळतं आणि कुणाची गल्ली "वरची" हा प्रश्नच राहत नाही. तुमच्याकडे दुसरी नदी असेल तर तिचा क्रम नकाशावर नीट बघून घ्या. आणि तुमचे आतले रस्ते नगरपालिकेकडे किंवा महापालिकेकडे हस्तांतरित झाले असतील तर त्यांना नाव देणं सोसायटीच्या हातात नाही. हे आधी तपासा.

प्रस्तावात आणखी एक कलम ठेवा, याच्याशिवाय पुढे त्रास होतो: नावं विंगच्या अक्षराच्या जोडीला असतील, जागी नाहीत. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, वीजबिल, घरपट्टी, आधार या सगळ्यांवर "बी विंग" लिहिलेलं असतं. ते बदलायच्या नादाला लागू नका. पाटीवर "बी – कदंब" असं लिहा.

विषय सभेच्या विषयपत्रिकेत छापून आणा. "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय" यात घुसवला तर न आलेला कोणीतरी त्यावर हरकत घेणारच. वार्षिक सभेसाठी पूर्ण 14 दिवसांची नोटीस लागते, विशेष सभेसाठी पाच. आमच्या सभेत पद्धत आधी मंजूर झाली आणि मतदान नंतर झालं, हा क्रम उलटा करू नका. एका फ्लॅटला एक चिठ्ठी, भाडेकरूंना सूचना देता येतील, मत नाही. व्हॉट्सॲपचा पोल नको: एका घरातून चार मतं पडतात आणि कोणी काय निवडलं हे सगळ्यांना दिसतं. मोजणीला दोन वेगळ्या विंगचे दोघं बसवा, चिठ्ठ्या पाकिटात सही करून वर्षभर ठेवा.

ठरावाचा मसुदा असा: "सोसायटीच्या पाच विंगांना व चार अंतर्गत रस्त्यांना सोबतच्या पद्धतीने नावे देण्यात यावीत. नावे सध्याच्या अक्षरांच्या जोडीने वापरली जातील. पाच वर्षे त्यांत बदलाचा प्रस्ताव घेतला जाणार नाही. पाट्यांच्या खर्चास स्वतंत्र मंजुरी घेतली जाईल."

आमच्या चिठ्ठीत ई विंग शेवटची निघाली आणि तिला पिंपळ मिळाला. आठवडाभर मुंज्यावरून थट्टा चालली, एक काकू तर पाटी उलटी लावा म्हणाल्या. पण चिठ्ठी सगळ्यांसमोर निघालेली, त्यामुळे पद्धतीविरुद्ध एक शब्द कोणी काढला नाही. आता त्यांच्या जिन्याखाली मुलांनी खडूनं मुंज्या काढलाय, तो पुसू द्यायला ई विंगवाले तयार नाहीत.