सेवा बंद पडल्याची सूचना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नेमकं कारण कळलेलं नसताना सूचना काढावी का?

काढा. कारण उद्या सांगितलं तरी चालतं, काय बंद आहे ते आत्ताच सांगावं लागतं.

'तांत्रिक अडचणीमुळे काही ग्राहकांची गैरसोय होत आहे, सेवा लवकरच पूर्ववत होईल.' एवढं पुरत नाही का? सगळे हेच लिहितात.

सगळे लिहितात म्हणूनच कोणी वाचत नाही. यातलं 'काही ग्राहकांची' तर हटकून घातलेलं असतं, निम्मे ग्राहक अडकलेले असले तरी. आता हे पाहा:

'आज सकाळी १०.४० पासून ॲपमधून पैसे भरता येत नाहीत. जुन्या ऑर्डर पाहता आणि रद्द करता येतात. खात्यातून पैसे गेले, पण ऑर्डर दिसत नाही, असं झालं असेल तर पुन्हा पैसे भरू नका. असे व्यवहार आम्ही तपासत आहोत. पुढची माहिती ११.३० ला इथेच देऊ, दुरुस्ती झालेली नसली तरी.'

माझा जीव अडकतो तो 'पुन्हा पैसे भरू नका' या चार शब्दांत. बँकेतून पैसे निघालेले असतात, फक्त ते मिळाल्याचा निरोप तुमच्या यंत्रणेपर्यंत परत आलेला नसतो. ग्राहकाला मात्र फिरतं चक्र दिसतं. तो पुन्हा बटण दाबतो आणि एका ऑर्डरचे पैसे दोनदा जातात. सेवा तासाभरात सुरू होते, पण परताव्याचे फोन पुढे कितीतरी दिवस येत राहतात. म्हणून ही ओळ पहिल्याच सूचनेत हवी, दुपारच्या सूचनेत नव्हे. परतावा किती दिवसांत मिळेल हा आकडा मात्र मनाने लिहू नका. आधी हिशेब विभागाला आणि बँकेला विचारा.

सेवा कधी सुरू होईल ती वेळ द्यावी का?

दुरुस्ती करणाऱ्यांनी खात्रीने सांगितली तरच. नाहीतर पुढच्या माहितीची वेळ द्या आणि ती पाळा.

चूक कबूल केली की कायद्याने अडकतो, असं ऐकलंय.

कोणाकडून? 'पैसे भरता येत नाहीत' ही कबुली नव्हे, ते ग्राहकाला समोर दिसतंच आहे. दोष कोणाचा आणि भरपाई किती, ही वाक्यं वकिलाला दाखवूनच लिहावीत. पण मसुदा आजच मंजूर करून ठेवा. सेवा बंद पडल्यावर सही शोधत फिरलात, तर सूचना निघेपर्यंत ग्राहकांनी तीनदा बटण दाबलेलं असतं.

'आपली माहिती पूर्णपणे सुरक्षित आहे' ही ओळ धीर द्यायला घालू का?

नोंदी कोणी तपासल्या, त्या माणसाचं नाव तुम्हाला सांगता येतं का? येत नसेल तर ओळ काढा आणि आधी नोंदी तपासू शकणाऱ्या माणसाला गाठा.