वारीवर टर्म पेपर लिहितोयस? मग हे वाच

अरे, 'वारीत सगळे समान, म्हणून कम्युनिटास', म्हणजे दर्जाचे भेद गळून सगळे एक झाल्याची भावना, एवढ्यावर पेपर संपवू नकोस, सगळे तेच लिहितात. आळंदी ते पंढरपूर हा मधला टप्पा लिमिनल, म्हणजे रोजच्या रचनेबाहेरचा, उंबरठ्यावरचा धर, पण मग बघ की दिंड्यांना नंबर असतात, रथापुढे कोण नि मागे कोण हे ठरलेलं असतं, म्हणजे रचना गळून पडत नाही. कम्युनिटासची कल्पना मांडणारा मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर याला नॉर्मेटिव्ह कम्युनिटास म्हणतो, नियमात बसवलेली. रिंगणातली फुगडी मात्र त्याच्या उत्स्फूर्त कम्युनिटासमध्ये बसेल. इरावती कर्वेंच्या दिंडीत ब्राह्मण नि मराठा गट वेगळे जेवायचे, त्या दोन्हीकडे जेवल्या, तो प्रसंग घेच. तू गेलास तर पंगत, मुक्काम, पाण्याची रांग बघ, कोण कुणासोबत बसतं ते रोज रात्री लिहून ठेव (सकाळी आठवत नाही, अनुभव आहे).