इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या मिनिट्समध्ये निर्णय, जबाबदारी आणि मुदत वेगळी कशी दाखवायची?

प्रश्न: आमच्या 100 खाटांच्या रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या मिनिट्स मी लिहिते. तीन-चार पानं होतात, पण कोणी काय करायचं ते वाचून कळत नाही असं सगळे म्हणतात. निर्णय, जबाबदार माणूस आणि मुदत वेगळी कशी मांडू? एखादा नमुना मिळेल का?

उत्तर:

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे आणि आमच्या कमिटीची सचिव म्हणून मिनिट्स मीच लिहिते. आयसीयूतल्या सेंट्रल लाइनच्या संसर्गाचा एकच विषय घेऊन दाखवते. तो नीट लिहिता आला की सुईची इजा, ओटी, बायोमेडिकल वेस्ट हे सगळे विषय त्याच साच्यात बसतात.

बहुतेक ठिकाणी हा विषय असा लिहिलेला असतो: ‘आयसीयूमधील सेंट्रल लाइन संसर्गाबाबत सविस्तर चर्चा झाली. सर्वांनी हातांच्या स्वच्छतेचे पालन करावे व संबंधितांनी लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करावी असे ठरले.’ यात काहीच ठरलेलं नाही. ‘सर्वांनी’ म्हटलं की काम कुणाच्याच अंगावर पडत नाही आणि ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे. मिनिट्समधून ‘संबंधित’, ‘योग्य ती’, ‘शक्यतो’ हे शब्द आधी काढून टाका. त्या जागी काय लिहायचं हे सुचलं नाही, तर सभेत निर्णयच झालेला नाही असं समजा आणि सभा संपायच्या आत अध्यक्षांना विचारा.

आता तोच विषय मी कसा लिहीन ते बघा. आकडे नमुन्यासाठी घेतले आहेत.

विषय 3 : आयसीयूतील सेंट्रल लाइनशी निगडित रक्तसंसर्ग

चर्चा : एप्रिल ते जून 2025 मध्ये 620 लाइन-दिवसांत 3 संसर्ग, म्हणजे 1000 लाइन-दिवसांमागे 4.8. आधीच्या तिमाहीत 590 लाइन-दिवसांत 1, म्हणजे 1.7. तिन्ही संसर्ग लाइन टाकल्यावर आठवडा उलटून गेल्यानंतरचे. औषध देण्याआधी हब घासला जातो का, याच्या 40 निरीक्षणांपैकी 22 वेळा घासलेला आढळला.

निर्णय 3.1 : आयसीयूत प्रत्येक बेडजवळ अल्कोहोल स्वॅब ठेवायचे.
जबाबदार : आयसीयू इन्चार्ज सिस्टर
मुदत : 14 जुलै 2025
पूर्ण झाल्याची खूण : तिन्ही पाळ्यांच्या चेकलिस्टवर स्वॅबची नोंद

निर्णय 3.2 : ‘लाइन अजून हवी का’ हे रोज सकाळच्या राउंडला ठरवून केसपेपरवर लिहायचे.
जबाबदार : आयसीयू प्रमुख डॉक्टर
मुदत : 15 जुलैपासून सुरू, पहिली तपासणी 31 जुलै 2025
पूर्ण झाल्याची खूण : लाइन असलेल्या रुग्णांचे आठवडाभराचे केसपेपर

निर्णय 3.3 : हब घासण्याची पुन्हा 40 निरीक्षणे, त्यात रात्रपाळीची किमान 15.
जबाबदार : इन्फेक्शन कंट्रोल नर्स
मुदत : 8 ऑगस्ट 2025
पूर्ण झाल्याची खूण : निरीक्षणांचा तक्ता पुढील सभेत

निर्णय नाही : क्लोरहेक्सिडीनयुक्त ड्रेसिंगची सूचना आली, खर्च समोर नसल्याने प्रलंबित. दर व महिन्याची अंदाजे गरज खरेदी अधिकारी 8 ऑगस्टपर्यंत देतील.

चर्चा चारच वाक्यांची आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य खालच्या निर्णयाला आधार देतं. संसर्ग लाइन टाकल्यानंतर पहिल्या काही दिवसांत झाला असता, तर संशय लाइन टाकताना पाळलेल्या निर्जंतुकतेवर गेला असता. आठवड्यानंतरच्या संसर्गात जंतू बहुधा हबमधून, म्हणजे रोजच्या हाताळणीतून आत जातात. म्हणून इथे डॉक्टरांना लाइन टाकण्याचं प्रशिक्षण पुन्हा देण्याचा निर्णय घेतलेला नाही. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की हेच का ठरवलं, तर उत्तर मिनिट्समध्येच सापडायला हवं. कोण काय बोललं, कुणी कुणाला टोकलं, हे लिहायची गरज नाही.

दराशेजारी मूळ आकडे लिहायचेच. नुसता 1.7 चा 4.8 झाला असं वाचलं की घबराट होते. प्रत्यक्षात 1 चे 3 झाले आहेत आणि एवढ्या लहान आकड्यांत योगायोगानेही असा फरक पडतो. मात्र 40 पैकी 18 वेळा हब घासलाच नाही, ही उणीव खरी आहे आणि आजच दुरुस्त करता येते. निर्णय तिच्यावरच उभे आहेत.

‘जबाबदार’ या ओळीत एकच पद लिहा. काम चार जण मिळून करतील, पण पुढच्या सभेत उत्तर एकानेच द्यायचं. पद निवडताना ते काम त्या माणसाच्या हातात आहे का, हे पाहा. 3.2 मी नर्सकडे दिलेलं नाही, कारण लाइन काढायचा आदेश ती देऊ शकत नाही. तिच्या नावावर ते काम टाकलं तर महिनाभर ती डॉक्टरांच्या मागे फिरेल आणि मिनिट्समध्ये दोष तिचा दिसेल. हा अन्याय मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. जी व्यक्ती सभेला नव्हती तिच्या पदावर काम टाकायचं असेल, तर मिनिट्स पाठवण्याआधी तिला फोन करून विचारा.

3.1 आणि 3.3 मी मुद्दाम वेगळे ठेवले. ‘स्वॅब ठेवावेत व निरीक्षण करावे’ असं एका ओळीत लिहिलं, तर स्वॅब आले की अख्खी ओळ ‘पूर्ण’ होते आणि निरीक्षण राहून जातं. वाक्यात ‘व’ आला की तिथे दोन निर्णय आहेत का, ते तपासा.

रोज चालणाऱ्या कामांपुढे लोक ‘नियमित’ किंवा ‘सतत’ असं लिहितात. मग ते काम कधी सुरू झालं आणि कधी थांबलं हे कुणाला कळत नाही. अशा कामाला 3.2 प्रमाणे दोन तारखा द्या, सुरू करण्याची आणि पहिल्यांदा तपासण्याची.

‘पूर्ण झाल्याची खूण’ ही ओळ बरेच जण गाळतात. ती नसेल तर पुढच्या सभेत ‘झालं, झालं’ एवढंच ऐकू येतं. एनएबीएचच्या तपासणीतही मिनिट्समधली एखादी ओळ धरून असेसर थेट वॉर्डात जाऊन बघू शकतात.

पुढच्या सभेच्या मिनिट्समध्ये पहिला विषय जुन्या निर्णयांचा ठेवा आणि तेच क्रमांक वापरा: जुलै 3.1 पूर्ण, जुलै 3.2 सुरू, जुलै 3.3 मुदत उलटली. मुदत वाढवली तर जुनी तारीख खोडू नका, नवी तिच्याशेजारी कारणासह लिहा. एकच काम दोनदा पुढे ढकललं गेलं असेल, तर बहुतेक वेळा माणूस आळशी नसतो, त्याला माल, मनुष्यबळ किंवा अधिकार मिळालेला नसतो. तो निर्णय मी ‘अध्यक्षांकडे’ असा वर्ग करते, म्हणजे वैद्यकीय अधीक्षकांना अडचण सोडवावी लागते किंवा निर्णय रद्द करून कारण नोंदवावं लागतं.

रुग्णांची नावं मिनिट्समध्ये घालू नका, आणि सुई टोचलेल्या कर्मचाऱ्याचं तर अजिबात नाही. मिनिट्स अनेक हातांतून फिरतात. ‘रुग्ण 1’, ‘रुग्ण 2’ असं लिहा, तपशील इन्फेक्शन कंट्रोल नर्सच्या रजिस्टरमध्ये राहू द्या.

पूर्ण मिनिट्स सही होऊन यायला आठवडा जातो आणि तोवर 14 जुलै उलटूनही जाईल. म्हणून सभा झाली त्याच संध्याकाळी ज्याच्या-त्याच्या निर्णयांच्या ओळी तेवढ्या त्या माणसाला पाठवा. काही चुकलं असेल तर तेव्हाच कळतं आणि सहीच्या प्रतीत दुरुस्त करता येतं.