कर भरून हातात ठरलेला नफा राहायला किती माल विकावा लागतो?

प्रश्न: आमची छोटी भागीदारी फर्म आहे. कर गेल्यावर ठरावीक रक्कम उरायला हवी असेल तर ब्रेक-इव्हनच्या हिशेबात कर कुठे धरायचा? स्थिर खर्चात टाकला तर चालेल का?

उत्तर:

नाही चालणार. भाडं धंदा झाला नाही तरी द्यावं लागतं, पण नफा नसेल तर कर नसतो. ब्रेक-इव्हनला नफा शून्य आणि करही शून्य, म्हणून कराचा दर कितीही असो, ब्रेक-इव्हनचे नग तेच राहतात. कराचा प्रश्न त्या बिंदूच्या पुढे सुरू होतो.

आमचं मशीन शॉप बेळगावात उद्यमबागेत आहे. भागीदार दोघं, मी आणि माझे चुलत आण्णा. ह्याच हिशेबावरून आमचं वर्षभर वाजलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, प्रमाण तेच आहे.

इथल्याच फौंड्रीतून कास्टिंग घ्यायचं, व्हीएमसीवर मशीनिंग करायचं आणि शिरोलीच्या पार्टीला पाठवायचं, असं काम होतं. जीएसटी वगळून दर नगाला ४५० रुपये. कास्टिंग, इन्सर्ट, कूलंट, नगावरची मजुरी, वीज, पॅकिंग आणि गाडीभाडं मिळून बदलता खर्च ३०० रुपये. म्हणजे नगामागे कॉन्ट्रिब्युशन १५० रुपये. स्थिर खर्च वर्षाला १८ लाख, त्यात भाडं, पगार, कर्जाचं व्याज, घसारा आणि करारनाम्याप्रमाणे भागीदारांचं मानधन आलं. १८ लाखाला १५० ने भागलं की १२,००० नग, हा ब्रेक-इव्हन.

आता व्हीएमसीच्या कर्जाची मुद्दल वर्षाला साडेपाच लाख फेडायची होती. व्याज खर्चात जातं, मुद्दल जात नाही. ती कर भरून उरलेल्या नफ्यातूनच निघते. त्यामुळे आमचं लक्ष्य होतं करोत्तर ५,५०,०००.

भागीदारी फर्मला स्लॅब नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्या करावर ४ टक्के सेस, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. आण्णांनी कॅल्क्युलेटर घेतला, साडेपाच लाखावर ३१.२ टक्के चढवले आणि ७,२१,६०० हा करपूर्व नफा काढला. त्यात १८ लाख मिळवून १५० ने भागलं आणि १६,८११ नगांचं टार्गेट फळ्यावर लिहून टाकलं.

हे चूक आहे. कर उरलेल्या रकमेवर लागत नाही, करपूर्व नफ्यावर लागतो. करपूर्व नफ्याच्या शंभरातले ६८.८ रुपये आपल्याकडे राहतात, म्हणून साडेपाच लाखाला ०.६८८ ने भागायचं. उत्तर येतं ७,९९,४१९. त्यातला कर २,४९,४१९, म्हणजे हातात राहणाऱ्या रकमेच्या ४५ टक्क्यांहून जास्त. सूत्र असं:

```
करपूर्व नफा = करोत्तर नफा ÷ (1 − कराचा दर)
नग = (स्थिर खर्च + करपूर्व नफा) ÷ नगामागे कॉन्ट्रिब्युशन
```

ह्या हिशेबाने २५,९९,४१९ भागिले १५०, म्हणजे १७,३३० नग. आण्णांच्या आकड्याशी फरक ५१९ नगांचा. "पाचशे नगांसाठी कशाला डोकं खातोस? ऑर्डर आली की निघतील," हे त्यांचं म्हणणं. ते मोठे, म्हणून फळ्यावर त्यांचाच आकडा राहिला.

पण तो फरक नेमका वाईट जागी पडत होता. आमच्या एका मशीनवर दोन शिफ्टमध्ये वर्षाला साधारण १७,००० चांगले नग निघतात. आण्णांचा आकडा त्यात बसत होता, खरा आकडा बसत नव्हता. रात्रीची शिफ्ट लावायची तर ऑपरेटर, वॉचमन धरून स्थिर खर्च १,८०,००० ने वाढतो. मग परत हिशेब केला की १७,३३० वरून थेट १८,५३० नग होतात. स्थिर खर्च सगळीकडे स्थिर राहत नाही, शिफ्ट बदलली की पायरी चढतो, आणि पुस्तकातलं सूत्र ते आपणहून सांगत नाही. आकडा काढला की पहिल्यांदा तो मशीनच्या तासांत बसतो का बघा. न बसला तर नवा स्थिर खर्च घालून पुन्हा काढा.

त्या वर्षी माल जवळपास फळ्यावरच्या आकड्याइतकाच गेला. आण्णा खूश होते. १५ मार्चचा ॲडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता भरायला सीएंनी आकडा दिला, तेव्हा कर जाऊन पाच लाखाच्या जरा आतच उरतात हे दिसलं. साधारण साडेत्रेपन्न हजार कमी. ते दोघांनी घरून आणून भरले. आण्णा अजूनही म्हणतात की बाजार मंद होता. बाजाराचा काही संबंध नव्हता, टार्गेट पूर्ण झालं होतं!

पुढच्या वर्षी मी प्रश्न उलटा घातला. नग १७,००० च्या वर जात नाहीत हे धरून चाललो, तर नगामागे किती सुटायला हवं? २५,९९,४१९ भागिले १७,०००, म्हणजे सुमारे १५२.९१. नगाला फक्त तीन रुपये जादा. पार्टीशी बोलून दर ४५३ करून घेतला आणि तिसऱ्या शिफ्टचा विषयच संपला. छोट्या कारखान्यात बहुतेक वेळा हीच दिशा बरोबर असते. जादा नगांमागे धावण्याआधी दरात आणि इन्सर्टच्या खर्चात दोन-तीन रुपये शोधा.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. आम्ही घसाऱ्याइतकी रोकड पुढच्या मशीनसाठी बाजूला ठेवतो. तुम्ही ती हप्त्याला वापरणार असाल तर करोत्तर लक्ष्य तेवढं कमी धरा. एकट्या मालकीचा धंदा असेल तर स्लॅब लागतो, तिथे एकाच दराने भागून चालत नाही, टप्प्याटप्प्याने काढावं लागतं. फर्मचं उत्पन्न १ कोटीच्या वर गेलं तर सरचार्जही येतो. आणि पुस्तकातला नफा म्हणजे करपात्र नफा नव्हे. फौंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योगात नोंदलेली असेल आणि तिचं बिल ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, न देता ३१ मार्चला थकीत राहिलं, तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, दिल्या वर्षी मिळतो. कर वाढतो आणि वरचा सगळा हिशेब सरकतो.

तुमच्याकडेही कोणी वडीलधारे १.३१२ ने गुणत बसले असतील तर सूत्रावरून वाद घालू नका. त्यांच्याच ७,२१,६०० मधून ३१.२ टक्के वजा करायला सांगा. ४,९६,४६१ येतील. साडेपाच लाख कुठे गेले, ते त्यांनाच विचारा.