बिलाचा आकडा मशीनवर जातो कसा आणि अडकतो कुठे

प्रश्न: माझं कपड्यांचं दुकान आहे, दोन काउंटर. बिल कॉम्प्युटरवर होतं, पण कार्ड मशीनवर रक्कम पोरं हाताने टाकतात आणि महिन्यातून एकदा तरी चुकतात. मोठ्या दुकानांत रक्कम आपोआप मशीनवर येते, ते नेमकं कसं चालतं? आणि त्यात काही धोका आहे का?

उत्तर:

दुकानांची बिलिंग सॉफ्टवेअरं मशीनला जोडून देणं हेच माझं रोजचं काम. तुमच्या पोरांची चूक कुठली असणार याचा अंदाज आहे. बऱ्याच मशीनवर आकडे उजवीकडून सरकत येतात आणि शेवटचे दोन पैशांचे धरले जातात. 2,350 रुपयांसाठी 2 3 5 0 0 0 दाबावं लागतं. गर्दीत पोरगा 2 3 5 0 दाबतो, मशीन 23.50 दाखवतं, गिऱ्हाईक कार्ड टेकवतं आणि पिशवी घेऊन जातं. स्लिप निघते, मशीन आनंदाने बीप करतं, कुणाला काही खटकत नाही. खटकतं ते रात्री, हिशेब जुळवताना.

जोडणीचे दोन रस्ते आहेत. जुना म्हणजे केबल: मशीन यूएसबी किंवा सिरियल वायरने कॉम्प्युटरला लावायचं आणि सॉफ्टवेअरने त्या पोर्टवर रक्कम पाठवायची. वायर सैल झाली की बोंब, पण कॉम्प्युटरचं नेट गेलं तरी चालतं, कारण बँकेशी मशीन स्वतःच्या सिमवरून बोलतं. हल्लीची अँड्रॉइड मशीनं मात्र बहुतेक क्लाउडने जोडतात. त्यात तुमचा कॉम्प्युटर आणि मशीन एकमेकांशी थेट बोलतच नाहीत. सॉफ्टवेअर रक्कम मशीनवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतं, मशीन ती तिथून उचलतं. तुम्हाला बहुधा हाच प्रकार मिळेल, म्हणून पुढचं त्याबद्दल.

कॅशियरने बिल पूर्ण करून ‘कार्ड’ दाबलं की साधारण असा निरोप जातो. नावं कंपनीगणिक बदलतात, मजकूर हाच:

```
{
  "txnRef": "1187-1",
  "terminalId": "41020057",
  "amount": 235000,
  "mode": "CARD"
}
```

`amount` पैशांत आहे, रुपयांत नाही. म्हणजे मशीनवरची भानगड इथेही आहेच, फक्त ती पोराच्या बोटावरून प्रोग्रामरच्या डोक्यावर गेली. तोही चुकतो. कॉम्प्युटरला 19.99 गुणिले 100 विचारलं तर अनेक भाषांत 1998.9999999999998 असं उत्तर येतं. अपूर्णांक नुसता छाटला तर एक पैसा गायब होतो आणि बिल व स्लिप जुळत नाहीत. आधी राउंड करून मग पाठवलं की प्रश्न मिटतो. तुमची बिलं पूर्ण रुपयात असतील तर हे तुम्हाला कधी दिसणारही नाही.

`terminalId` म्हणजे कुठल्या मशीनवर रक्कम उमटवायची ते. दोन काउंटर असतील तर इथे जपा. चार्जिंगसाठी रात्री दोन्ही मशीनं एकत्र ठेवली आणि सकाळी अदलाबदल झाली, की काउंटर एकचं बिल काउंटर दोनच्या गिऱ्हाइकासमोर उमटतं. मशीनच्या पाठीला काउंटरचा नंबर मार्करने लिहून ठेवा, याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

पुढे गिऱ्हाईक कार्ड लावतं, पिन टाकतं. मंजुरी नेहमीसारखीच बँकेकडून येते, त्यात तुमच्या सॉफ्टवेअरचा हात नसतो आणि पूर्ण कार्ड नंबरही त्याच्यापर्यंत पोचत नाही. परत येतं ते एवढंच: मंजूर की नामंजूर, अप्रूव्हल कोड, आरआरएन म्हणजे त्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ नंबर आणि कार्डचे शेवटचे चार आकडे. सॉफ्टवेअर ते बिलावर चिकटवतं आणि बिल बंद करतं. रात्री मिळवणी करायची ती या आरआरएनवरून, रकमेवरून नाही, कारण 999 ची बिलं दिवसाला दहा असू शकतात.

आता धोका. तो रक्कम जाताना नसतो, उत्तर परत येताना असतो. मी पाहिलेला प्रकार सांगतो. संध्याकाळची गर्दी, बिल नंबर 1187, रक्कम 2,350. रक्कम मशीनवर आली, बाईंनी पिन टाकला, मशीनवर मंजूर झालं, स्लिप निघाली. नेमकं तेव्हा दुकानाचं ब्रॉडबँड गेलं. मशीन सिमवर असल्याने त्याला काही झालं नाही, पण कॉम्प्युटरला उत्तर मिळालं नाही आणि त्याने मिनिटभर वाट पाहून स्क्रीनवर लिहिलं, ‘पेमेंट फेल’. नेट आल्यावर पोराने स्क्रीनवर विश्वास ठेवून पुन्हा ‘कार्ड’ दाबलं. बाईंनी पुन्हा पिन टाकला. 4,700 गेले. मोबाइलवर दोन मेसेज पाहून त्या दारातून परत आल्या म्हणून लगेच कळलं.

इथे खोटं बोललं ते सॉफ्टवेअर. उत्तर न येणं म्हणजे ‘फेल’ नव्हे, ‘माहीत नाही’. मंजूर आणि नामंजूर यांच्याशिवाय ही तिसरी अवस्था सॉफ्टवेअरला ठाऊक असायलाच हवी. नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर रक्कम पाठवण्याआधी `txnRef` मधला `1187-1` हा नंबर, म्हणजे बिल 1187 चा पहिला प्रयत्न, स्वतःकडे लिहून ठेवतं. उत्तर आलं नाही तर नवी रक्कम न पाठवता सर्व्हरला विचारतं, ‘1187-1 चं काय झालं?’ स्पष्ट नामंजूर किंवा रद्द असं उत्तर आलं तरच `1187-2` पाठवतं. ‘रद्द करा’ हे बटणही डोळे झाकून दाबू नका. रद्दचा निरोप पोचेपर्यंत गिऱ्हाइकाने कार्ड टेकवलेलं असू शकतं, म्हणून रद्द केल्यावरही एकदा विचारायचंच.

‘बँक आपोआप परत करेल की’ असं तेव्हा दुकानदार म्हणाले होते. नाही करत. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे: खात्यातून पैसे गेले पण दुकानात मंजुरी पोचली नाही, स्लिप निघाली नाही, तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आणि पुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. आमच्याकडे दोन्ही वेळा स्लिप निघाली होती. बँकेच्या लेखी त्या दोन चोख विक्र्या होत्या. त्यामुळे त्याच दिवशी, मशीनचं सेटलमेंट, म्हणजे दिवसभराचे व्यवहार बँकेकडे पक्के होणं, व्हायच्या आत एक व्यवहार व्हॉइड म्हणजे रद्द करावा लागला. सेटलमेंट झालं असतं तर रिफंड टाकावा लागला असता आणि बाईंना काही दिवस वाट पाहावी लागली असती.

हाताने रक्कम टाकायची सोय पूर्ण बंद करू नका. नेट नसलेल्या दिवशी तीच लागते. फक्त तसं बिल ‘मॅन्युअल’ म्हणून नोंदवलं जावं आणि स्लिपवरचा अप्रूव्हल कोड टाकल्याशिवाय बंद होऊ नये, एवढं सॉफ्टवेअरवाल्याला सांगा.

आणि डेमोला माणूस आला की त्याच्याकडून एक रुपयाचं बिल करवून घ्या. रक्कम मशीनवर आली की कॉम्प्युटरची नेटची वायर काढा, मग कार्ड टेकवा. दोन मिनिटांनी वायर लावा आणि स्क्रीनवर काय दिसतं ते बघा. काही न दाबता बिल आपणहून ‘मंजूर’ झालं तर पैसे द्या. ‘फेल’ दिसलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.