डाळ मिलच्या माहितीपत्रकात जोर कुठे, आकडा कुठे?

प्रश्न: मिनी डाळ मिलचं इंग्रजी माहितीपत्रक मराठीत करतोय. 'अप टू १०० केजी पर आवर' कसं लिहू, की वजनही पडेल आणि चूकही होणार नाही?

उत्तर: आधी कंपनीला विचारा, हे १०० किलो तुरीचे की डाळीचे? १०० किलो तुरीतून साधारण ७०-७५ किलो डाळ निघते, बाकी टरफल आणि चुनी. आकडा तुरीचा असेल तर 'तासाला १०० किलोपर्यंत तूर भरडते' असं लिहा. मी एकदा घाईत 'तासाला १०० किलो डाळ' लिहून बसलो. दारव्ह्याकडचे एक काका काटा घेऊनच डीलरकडे आले!

'पर्यंत' गाळू नका. दाणा ओला असला की तेवढं काम होत नाही.

जोर मथळ्यात आणा: 'आपल्या तुरीची डाळ आता आपल्याच गावात.' तिथे आकडा नको. मोटर मात्र '२ एचपी, थ्री फेज' अशीच ठेवा, 'अश्वशक्ती' इकडे कोणी बोलत नाही. आणि थ्री फेज 'कमी विजेत चालते'च्या मागे दडवू नका. घरी सिंगल फेज असलेला माणूस मशीन नेईल आणि दुसऱ्या दिवशी परत आणेल.