‘मी येत आहे’ की ‘आलो’?

«आम्ही काही मित्र वेंगुर्ल्यात एका इंग्रजी लघुपटाचं मराठी डबिंग करतोय. मच्छीमार बाप-लेकाची गोष्ट आहे. बाप जेटीवरून हाक मारतो, मुलगा घरातून ‘आय ॲम कमिंग’ म्हणतो. भाषांतरात ‘मी येत आहे’ आलंय, ते कानाला खटकतं. ‘मी येतोय’ केलं तरी समाधान होत नाही. काय म्हणावं? की सगळं मालवणीतच करावं?»

तो ‘आलो!’ म्हणेल. हाकेला ओ देताना मराठी माणूस भूतकाळ वापरतो. पाय अजून घरातच असतात, पण निघायचं ठरलेलं असतं, म्हणून क्रिया झाल्यातच जमा. ‘येतोय’ तुम्हाला पुरेसं वाटत नाही याचं कारणही तेच आहे. ‘येतोय’ वाटेत असलेला माणूस फोनवर सांगतो: ‘येतोय, कुडाळ सोडलं.’ आणि नुसतं ‘येतो’ म्हटलं तर आपण निरोप घेतोय. इंग्रजीत पहिल्या दोघांना एकच वाक्य पुरतं, म्हणून भाषांतर करणारा एकच साचा सगळीकडे बसवतो.

हा भूतकाळ फक्त बोलणाऱ्याच्या स्वतःच्या हालचालीपुरता नाही. वळणावर एसटी दिसली की थांब्यावरचं कोणीतरी ‘एसटी आली’ म्हणतं, गाडी थांबायच्या आधीच. समुद्रावरून सर येताना दिसली की ‘पाऊस आला, वाळत घातलेलं काढा’ अशी हाळी जाते. अट एवढीच, की गोष्ट डोळ्यांसमोर असावी किंवा तिच्याबद्दल शंका नसावी. म्हणून तुमच्या लघुपटात रेडिओवरचा इशारा ऐकून कोणी बोलत असेल तर ‘वादळ येतंय’ ठेवा, आणि होडीतल्या माणसाला क्षितिज काळं झालेलं दिसत असेल तर ‘वादळ आलं!’ म्हणू द्या. इंग्रजी वाक्य दोन्हीकडे एकच असलं तरी चालेल. काळाचा शब्दही तपासा: ‘पाच मिनिटांत आलो’ चालतं, ‘उद्या आलो’ चालत नाही, तिथे ‘उद्या येतो’.

एका जागी मात्र हात आखडता घ्या. ‘होडी बुडत आहे’ याचं ‘होडी बुडाली’ करू नका. पडद्यावर होडी अजून तरंगत असताना प्रेक्षकाला वाटेल की आणखी कुठली तरी बुडाली. सबटायटलमध्ये हा धोका जास्त, कारण तिथे आवाजातली घाई ऐकू येत नाही, फक्त अक्षरं दिसतात. ‘बुडतेय, होडी बुडतेय!’ हेच बरोबर. ज्या क्रियेचं पूर्ण होणं हीच कथेतली मोठी घटना आहे, तिथे भूतकाळ आधीच वापरून टाकू नये.

आता ओठांचं. ‘आय ॲम कमिंग’ म्हणताना ओठ दोनदा मिटतात, दोन्ही वेळा ‘म’वर. मुलगा पाठमोरा असेल किंवा लांब असेल तर कोणाला कळणार नाही, ‘आलो, आलो!’ खुशाल घ्या. चेहरा जवळून दिसत असेल तर ‘आलो बाबा’ घेऊन बघा. मूळ वाक्यात ओठ दुसऱ्या अक्षराच्या शेवटी आणि चौथ्याच्या सुरुवातीला मिटतात. ‘आलो बाबा’त दोन ‘ब’ जवळपास त्याच जागी येतात, आणि अक्षरंही चारच. ‘मी येत आहे’मध्ये ओठ सुरुवातीलाच एकदा मिटतात, नंतर नाहीच, म्हणजे ते कानाला खटकतं तसं डोळ्यालाही खटकणार. एक काळजी घ्यायची: ‘बा’वर जोर पडला तर ‘आलो बाबा!’ वैतागल्यासारखं ऐकू येतं. जोर ‘आ’वर ठेवून घ्या. हाक मुलीला असेल तर ‘आले बाबा’, बाकी हिशोब तोच.

नकाराकडेही जाताजाता बघा. ‘मी तुला सोडून जात नाही आहे’ असं काही संहितेत असणारच. हा निश्चय आहे, तेव्हा ‘तुला सोडून मी नाही जाणार.’ ‘नाही’ क्रियापदाच्या पुढे आणलं की हट्ट आपोआप उतरतो.

मालवणीचं म्हणाल, तर सगळे संवाद मालवणीत करा किंवा एकही नको. मिसळ केली तर अर्थ बिघडतो. मालवणीत ‘मी येतंय’ पुरुषही म्हणतो आणि बाईही, पण प्रमाण मराठीच्या कानाला ‘येतंय’ म्हणजे ‘ते येतंय’. मुलगा नुसतं ‘येतंय’ म्हणाला तर पुण्याच्या प्रेक्षकाला प्रश्न पडेल, काय येतंय? पूर्ण मालवणी असेल तर कान दोन मिनिटांत सरावतो, आणि मग हाकेला ‘इलंय, इलंय!’ एवढंच पुरे. तिथेही भूतकाळच आहे, बघा. तुमची माणसं वेंगुर्ल्याची असतील तर मी मालवणीच निवडेन. फक्त मग ‘आलो बाबा’सारखी ओठांची सोय नव्याने शोधावी लागेल, कारण ‘इलंय’मध्ये ओठ मिटतच नाहीत. जवळच्या शॉटपुरतं ‘इलंय बाबा’ करून बघा.